दुभाष्याचे हात खाली येईपर्यंत

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



सुरुवातीला एक मिनिट घेतो. माझ्या डाव्या हाताला एक दुभाषी उभ्या आहेत आणि त्यांच्या सहकारी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी बोलतो ते त्या भारतीय सांकेतिक भाषेत सांगताहेत. वीस मिनिटांनी दोघी जागा बदलतील, तेव्हा काही बिघडलं असं समजू नका. मागच्या पडद्यावर माझी वाक्यं उमटताहेत. उजवीकडच्या दोन रांगांमधली मंडळी माझ्याकडे बघत नाहीयेत, दुभाष्यांकडे बघताहेत. वक्त्याला हे आधी जरा लागतं, मग सवय होते.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते कामगारांच्या रात्रीच्या वर्गाचं मंडळ चालवायचे. त्यांच्या बैठकीत ज्याला बोलायचं त्याने हात वर करायचा, नाव सांगायचं आणि आधीच्याचं बोलणं संपल्यावरच तोंड उघडायचं. आम्ही पोरं हसायचो. पाच माणसं, सगळी एकमेकांना ओळखणारी, त्यात नाव कसलं सांगायचं? त्या नियमाची किंमत मला तीस वर्षांनी कळली, चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचा प्रमुख असताना. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. ऐकू न येणारा सहकारी बैठकीत बसलेला असतो. पण तो त्या बैठकीत असतो का, आणि नसेल तर नेमकं कशामुळे?

तो आमच्याकडे जिग आणि फिक्स्चरचा डिझायनर म्हणून आला. जन्मापासून कर्णबधिर. त्याचं नाव त्याच्या इच्छेनुसार इथे घेत नाही. खुणांच्या भाषेत प्रत्येकाला एक वेगळं नाव मिळतं, बहुतेकदा अंगावरच्या एखाद्या खुणेवरून. त्याच्या उजव्या भुवईत लहानपणच्या जखमेचा व्रण आहे, म्हणून भुवईवरून बोट फिरवलं की त्याचं नाव झालं. ते कागदावर छापता येत नाही, त्यामुळे त्याच्या खासगीपणाला धोका नाही. शॉपमध्ये सुरुवातीला त्याला ‘मुका’ म्हणत. तो मुका नव्हता. त्याच्याकडे अख्खी भाषा होती आणि ती आमच्यापैकी एकालाही येत नव्हती.

पहिले काही महिने आम्ही त्याला काहीच दिलं नाही. ‘त्याला ओठ वाचता येतात’ असं कुणीतरी सांगितलं होतं आणि आम्हाला ते सोयीचं होतं. आता आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा: पाठ, भाट, माठ. ओठांची हालचाल तीच राहते. क, ख, ग घशाजवळ होतात, ते दिसतच नाहीत. त आणि ठ यांतला फरक जिभेचा आहे, तो दातांमागे होतो. म्हणजे ‘सात’ आणि ‘साठ’ ओठांवर सारखेच दिसतात. ज्या बैठकीत सगळा व्यवहार आकड्यांचा, तिथे आम्ही त्याला सात आणि साठ यांतून निवड करायला लावत होतो. तो मान हलवायचा आणि आम्ही समजायचो, कळलं.

शिवाय आम्ही म्हणायचो, ‘मिनिट्स मिळतील की.’ मिळायचे, दोन दिवसांनी. पण इतिवृत्तात निर्णय असतो. निर्णय बदलता येण्याचा जो क्षण असतो तो त्यात नसतो.

मग कॅप्शन आली. कुणीतरी मोठ्या पडद्यावर आपोआप उमटणारी अक्षरं सुरू केली आणि प्रश्न सुटला असं आम्हाला वाटलं. त्याचा हिशेब मी तुम्हाला मांडून दाखवतो, कारण तो हिशेब आम्ही फार उशिरा केला. माणूस साधारण बोलतो तेव्हा मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात. सोपं गणित म्हणून १२० धरू. यंत्र शंभरातले पंच्याण्णव शब्द बरोबर पकडतं असं माना. परीक्षेत पंच्याण्णव मार्क म्हणजे उत्तमच. पण मिनिटाला सहा शब्द चुकले, आणि पन्नास मिनिटांच्या बैठकीत तीनशे. चुका सगळीकडे सारख्या पसरत नाहीत. ‘आणि’, ‘आहे’, ‘म्हणजे’ हे शब्द यंत्र कधी चुकत नाही. ते चुकतं माणसांच्या नावांत, पुरवठादाराच्या नावात, सुट्या भागाच्या नावात आणि आकड्यांत. म्हणजे ज्या शब्दांसाठी बैठक भरवलेली असते, नेमके तेच.

हे पंच्याण्णवही आमच्या वाट्याला येत नव्हते. यंत्राला भाषा एकच सांगावी लागे. आमचं बोलणं असं: ‘तो लॉट रिजेक्ट झालाय ना, उसका डेबिट नोट भेजा क्या, की अजून बाकी आहे?’ एका वाक्यात तीन भाषा. इंग्रजी निवडली की मराठीचा चिवडा, मराठी निवडली की इंग्रजीचा. दोन माणसं एकदम बोलली की पडद्यावर कुणीही न बोललेलं तिसरंच वाक्य यायचं, तेही अगदी ठाम अक्षरांत. कॅप्शनची खरी अडचण हीच आहे. माणूस अडखळला तर त्याचा चेहरा सांगतो. छापील अक्षराला चेहरा नसतो, त्यामुळे चुकलेलं वाक्य बरोबर वाक्यासारखंच दिसतं.

माणसाने टंकलं तर? आम्ही तेही केलं, एका मुलाला लॅपटॉप देऊन बसवलं. सरकारी टंकलेखनाची मराठीची परीक्षा मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांची असते. बोलणं त्याच्या तिप्पट वेगाने जातं. म्हणजे तो टंकायचा ते बोलणं नव्हतं, त्याने काढलेला सारांश होता. काय गाळायचं हे तोच ठरवत होता. न्यायालयातल्या लघुलेखकासारखं खास यंत्रावर बोलण्याच्या वेगाने लिहिणारे व्यावसायिक असतात, इंग्रजीत ते मिळतात. आमच्या मिसळीच्या मराठीत आम्हाला मिळाले नाहीत.

यावर जो उपाय टिकला तो फारच साधा निघाला. फळा. नियम केला की बैठकीत आकडा, तारीख किंवा नाव उच्चारलं की ते फळ्यावर लिहायचं, लिहिल्याशिवाय ते बोललं गेलं असं धरायचं नाही. शिवाय एकाने पडद्याकडे बघत बसायचं आणि कॅप्शनमध्ये घोडचूक दिसली की हात वर करून तिथल्या तिथे दुरुस्त करायची. सात आणि साठ यांचा घोळ त्या दिवशी संपला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या हिशेब खात्यात एक ज्येष्ठ बाई होत्या, पन्नाशीनंतर ऐकू येणं कमी होत गेलेलं. त्यांना खुणांची भाषा येत नव्हती आणि त्या वयात शिकायचीही नव्हती. त्यांच्यासाठी दुभाषी आणून उपयोग शून्य. त्यांना कॅप्शन, फळा आणि समोर बसणारा, तोंडासमोर हात न धरणारा माणूस हवा होता. आमच्या डिझायनरचं उलट होतं. त्याची पहिली भाषा खुणांची, मराठी आणि इंग्रजी दोन्ही नंतर शिकलेल्या. पडद्यावरून भराभर सरकणारं मराठी वाचणं म्हणजे त्याच्यासाठी परभाषेतली वेगाची परीक्षा. म्हणून ‘कर्णबधिरांसाठी काय करावं’ असा एकच प्रश्न नसतो. समोरच्या माणसाला विचारावं, तुला काय लागतं? आम्ही हे विचारायला आठ महिने घेतले. त्याने एका ओळीत लिहून दिलं: दुभाषी, दोन.

दोन कशाला, हे आम्हाला कळलं नाही. आम्ही एक बोलावला. दोन तासांची बैठक. कोपऱ्यात खुर्ची दिली, पाठीमागे मोठी खिडकी. सकाळचं ऊन मागून येत होतं, त्यामुळे त्याला दुभाष्याची काळी आकृती दिसत होती. बोटं कशी वळताहेत आणि भुवया वर गेल्या की नाही, काही नाही. खुणांच्या भाषेत भुवया आणि चेहरा म्हणजे नुसत्या भावना नव्हेत, ते व्याकरण आहे. प्रश्न आहे की विधान, हे चेहऱ्यावरून ठरतं. त्याने खुर्ची हलवायला सांगितली, तेव्हा दुभाषी वक्त्याच्या बाजूला आला. मग त्याला एका नजरेत दोघंही दिसू लागले.

चाळीसेक मिनिटांनंतर दुभाष्याच्या हाताचा वेग कमी झाला. आम्हा कुणाला ते दिसलं नाही, आम्हाला कसं दिसणार? त्याला दिसलं. वाक्यं तुटू लागली, उदाहरणं गळू लागली. हे काम हातांचं वाटतं, पण थकतो मेंदू. एका भाषेत ऐकायचं, अर्थ पकडायचा, दुसऱ्या भाषेत मांडायचा आणि त्याच वेळी पुढचं वाक्य ऐकत राहायचं. थकलेल्या दुभाष्याला आपल्या चुका वाढल्यात हे स्वतःला नेहमी कळतही नाही. म्हणून दोघं लागतात. पंधरा-वीस मिनिटांनी अदलाबदल होते, आणि मोकळा असलेला विश्रांती घेत नाही. तो ऐकत असतो, सुटलेला आकडा हळूच खुणेने पुरवतो. पुढच्या वेळी आम्ही दोघी बोलावल्या. दोघींनीही सांकेतिक भाषेच्या दुभाषीपणाची दोन वर्षांची पदविका केलेली होती.

त्या आल्या आणि आमच्या मराठीची गंमत सुरू झाली. दुभाषी नेहमी प्रथमपुरुषात बोलतो. ‘तो म्हणतोय की’ असं म्हणत नाही, ‘मी’ म्हणतो. इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत क्रियापदाला लिंग असतं. त्याने खुणेने सांगितलं आणि दुभाषीबाईंच्या आवाजात आलं, ‘मी काल ड्रॉइंग पाठवलं होतं, मी स्वतः शॉपमध्ये गेलो होतो.’ बाईच्या तोंडून ‘गेलो होतो’ ऐकून आमचे दोन सुपरवायझर हसले. तिसऱ्या बैठकीत कुणी हसलं नाही. तो आवाज त्याचा झाला होता.

दुसरी अडचण बारीक होती, पण तिने माझी झोप उडवली. खुणांच्या भाषेत समोरच्याकडे बोट केलं की ‘तू’ही झालं आणि ‘तुम्ही’ही झालं. मराठीत दुभाष्याला निवडावं लागतं. त्याने आमच्या प्लांट हेडकडे बोट करून काही विचारलं. बाईंनी ‘तुम्ही’ म्हटलं तर सगळं ठीक, ‘तू’ म्हटलं तर तो उद्धट ठरला असता, आणि ठरवणारा तो नव्हता! म्हणून बैठकीआधी दहा मिनिटं तो आणि दुभाषी भेटू लागले: कुणाला ‘अहो’, कुणाला ‘अरे’, कुणाला ‘साहेब’. त्याच दहा मिनिटांत शब्दही ठरत. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ साली दहा हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला, पण आमच्या लोकेटिंग पिनसाठी खूण कुठून आणणार? कोशात नसलेला शब्द अक्षरं जुळवून सांगावा लागतो, आणि ती बहुधा इंग्रजी अक्षरं असतात. नुसतं ‘चिंचवड’ म्हणायला नऊ अक्षरं. म्हणून विषयपत्रिका, नावांची यादी आणि ड्रॉइंग आदल्या दिवशी दुभाष्यांकडे जाऊ लागली, आणि नेहमीच्या भागांसाठी त्याने आणि त्यांनी मिळून खुणा पक्क्या केल्या.

एकदा आमच्यातला एक जण दुभाषीबाईंना म्हणाला, ‘एवढं त्याला सांगू नका.’ त्यांचे हात थांबले नाहीत. त्यांनी ते वाक्यही सांगितलं. खोलीत शांतता पसरली. नंतर त्यांनी समजावलं: खोलीत जे ऐकू येतं ते सगळं त्याला मिळायला हवं. जे त्याला सांगायचं नाही ते त्याच्यासमोर बोलू नका, इतरांच्या बाबतीत तुम्ही तसंच करता ना? तेव्हापासून ‘त्याला विचारा हो’ असं बाईंकडे बघून म्हणणंही बंद झालं. प्रश्न त्याच्याकडे बघून, त्यालाच.

(इथे दुभाष्यांनी जागा बदलल्या.)

आता मी ज्या बैठकीसाठी आज उभा आहे तिच्याकडे येतो. दोन दुभाषी हजर होत्या. कॅप्शन सुरू होती. फळा होता. अध्यक्षस्थानी मी होतो.

विषय तिसरा: एका भागाचे साठ नग तपासणीत नाकारले गेले होते. गुणवत्ता विभागाचं म्हणणं, फिक्स्चर चुकीचं आहे, भाग त्यात तिरका बसतो. फिक्स्चर त्याचं डिझाइन. मी विचारलं, ‘कुणाला वेगळं वाटतं का?’ लगेच खरेदी विभाग म्हणाला, ‘नाही, बदलूनच टाकू.’ मी म्हटलं, ‘ठीक. विषय चौथा.’

माझा प्रश्न दुभाषीबाईंच्या हातांतून पूर्ण व्हायला तीन-चार सेकंद लागले. तोपर्यंत खरेदी विभागाचं उत्तर येऊन गेलं होतं, तेही सांगावं लागलं. त्याने हात वर केला तेव्हा मी चौथ्या विषयाचं पहिलं वाक्य बोलत होतो. बाईंच्या आवाजात आलं, ‘मला मागच्या विषयावर बोलायचं आहे.’ आणि मी, घड्याळाकडे बघत, म्हणालो, ‘नंतर बोलू.’

नंतर बोललो नाही. दोन आठवडे घालवून नवीन फिक्स्चर केलं. त्यातही भाग तिरकाच बसला. तेव्हा तो वही घेऊन माझ्या टेबलाशी आला. बैठकीच्याच तारखेला त्याने लिहून ठेवलं होतं: नव्या लॉटच्या कास्टिंगची टेकणारी बाजू दोन मिलिमीटर जाड आहे. त्याने सकाळीच पाच नग मोजले होते. फिक्स्चर बरोबर होतं, कास्टिंग चुकीचं होतं. हे त्याला त्या खोलीत दहा सेकंदांत सांगता आलं असतं.

मी हे बाईंना सांगितलं आणि विचारलं, तुम्हाला जरा भराभर सांगता येणार नाही का? त्यांनी उलटा प्रश्न केला: ‘हा माल मंगळवारी पाठवणं आपल्याला परवडणार नाही,’ हे वाक्य मी कुठून सुरू करू? मराठीत ‘नाही’ शेवटी येतं. शेवट ऐकल्याशिवाय सुरुवात केली तर ‘माल मंगळवारी जाणार’ असं सांगून बसेन आणि मग ते पुसावं लागेल. म्हणजे थांबणं हा त्यांचा आळस नव्हता. अमेरिकेत डेनिस कोकली यांनी १९८६ मध्ये दुभाष्यांच्या चुकांचा अभ्यास केला. दोन सेकंदांच्या अंतराने सांगणाऱ्यांच्या चुका चार सेकंदांच्या अंतराने सांगणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाल्या. दुभाष्याची घाई केली की वेळ वाचतो आणि अर्थ जातो.

मग दुसऱ्या बाजूचे सेकंद बघू. ऐकू येणारी माणसं एकमेकांच्या बोलण्यात किती फट ठेवतात? २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या भाषाविज्ञानाच्या संशोधकांनी दहा वेगवेगळ्या भाषांतले प्रश्न आणि उत्तरं मोजली. सगळ्या भाषा मिळून उत्तर सरासरी पाव सेकंदाच्या आसपास येतं, म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ. समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण ओळखतो की ते कुठे संपणार, आणि तयार राहतो.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. बैठकीत बोलण्याची संधी पाव सेकंद उघडी असते. त्याला ती उघडल्याचं कळतं तीन-चार सेकंदांनी. कॅप्शननेही तेच होतं, अक्षरं मागून येतात. म्हणजे दुभाषी कितीही तरबेज असो, कॅप्शन शंभर टक्के बरोबर असो, त्याला दार नेहमी बंदच सापडणार. आम्ही त्याला आमचं बोलणं पोचवत होतो. त्याला बोलायला जागा देत नव्हतो. आणि ती जागा दुभाषी देऊ शकत नाही. ती फक्त अध्यक्ष देऊ शकतो.

हे मला कागदावर पटलं. अंगावर आलं ते पुढच्या महिन्यात. तो मला कर्णबधिर मंडळाच्या बैठकीला घेऊन गेला. वीसेक माणसं गोलाकार बसलेली, कुणाची पाठ कुणाकडे नाही. लक्ष वेधायचं तर हात हलवायचा, टेबलावर थाप मारायची, फारच झालं तर दिव्याचं बटण खालीवर करायचं. बोलणाऱ्याने हात वर केले तरी तो लगेच सुरुवात करत नव्हता, सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळेपर्यंत थांबत होता. कारण न बघणाऱ्याला ते मिळणारच नाही. माझ्यासाठी एक दुभाषी माझ्या कानाशी मराठीत बोलत होत्या. मंडळाच्या सहलीवर माझं मत होतं, मला बोलायचं होतं. मला प्रश्न कळेपर्यंत दोन जणांचं बोलून झालेलं असायचं. चारदा हात वर केला, चारदा खाली घेतला. पाचव्यांदा अध्यक्षांनी सगळ्यांना थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि वाट बघितली. त्या वाट बघण्यात किती आदर असतो, हे त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही.

परत आल्यावर आम्ही बैठकीचे नियम बदलले. चारच केले, कारण जास्त केले तर पाळले जात नाहीत.

पहिला नियम, बोलण्याआधी हात वर आणि अध्यक्षाने नाव घेतल्यावरच बोलायचं. नाव घेतलं की दुभाषी त्या दिशेला हात करतात आणि त्याची नजर तिकडे जाते. हा सरांचा जुना नियम, ज्यावर मी हसलो होतो.

दुसरा नियम, प्रश्न विचारल्यावर अध्यक्षाने दुभाष्याच्या हातांकडे बघायचं. हात खाली आले की मनात पाचपर्यंत मोजायचं, मगच उत्तर घ्यायचं, कुणाचंही. पहिल्या दिवशी ते पाच सेकंद पाच मिनिटांसारखे वाटले. माणसं खोकली, पाणी प्यायली. तिसऱ्या आठवड्यात एक वेगळंच घडलं. स्टोअर्समधला एक माणूस, जो वर्षभर कधी बोलला नव्हता, त्या पाच सेकंदांत बोलला. त्याला ऐकू उत्तम येत होतं, फक्त पाव सेकंदात घुसता येत नव्हतं.

तिसरा नियम कागदाचा. तक्ता किंवा ड्रॉइंग पडद्यावर टाकलं की बोलणारा गप्प राहील. आपण तक्ता बघत बघत ऐकू शकतो. त्याच्याकडे दोन्ही कामांना डोळे एकच. तो तक्ता बघेल किंवा दुभाषी बघेल. त्याने तक्त्यावरून नजर उचलली की बोलायला सुरुवात. टिपणं लिहिण्याचंही तेच, म्हणून त्याची टिपणं दुसऱ्या एकाने काढायची.

चौथा नियम, ठराव होण्याआधी तो एका वाक्यात फळ्यावर लिहायचा आणि पुन्हा पाचपर्यंत मोजायचं.

ऑनलाइन बैठकीत याला एक जोड लागते. दुभाष्याची चौकट पडद्यावर पक्की करून ठेवावी लागते, नाहीतर जो मोठ्याने बोलेल त्याचा चेहरा पुढे येतो आणि हात गायब होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयापुढे ऑनलाइन उभ्या राहिल्या, तेव्हाही दुभाष्याला पडद्यावर राहू द्यावं म्हणून सरन्यायाधीशांना विनंती करावी लागली. ती त्यांनी मान्य केली. देशातल्या सर्वात मोठ्या न्यायालयातही पहिला प्रश्न चौकटीचाच होता.

या नियमांनी सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. बैठक आठ-दहा मिनिटांनी लांबली, ती अजूनही लांबते. विनोद त्याच्यापर्यंत चार सेकंदांनी पोचतो आणि तो एकटाच हसतो. आम्ही त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा हसायला शिकलो, पण तो उपाय नव्हे. आयत्या वेळी ठरलेल्या बैठकीला दुभाषी मिळत नाहीत, आपल्याकडे त्यांची संख्याच फार थोडी आहे. तेव्हा आम्ही दोनच पर्याय ठेवले: बैठक पुढे ढकला, किंवा सगळ्यांनीच लिहून बोला, त्याच्याबरोबर ऐकू येणाऱ्यांनीही. आणि चहाच्या टपरीवर निम्मे निर्णय होतात, तिथे ना दुभाषी ना फळा. त्यावर एवढंच ठरवलं की टपरीवर ठरलेलं बैठकीत पुन्हा मांडल्याशिवाय ठरलं असं धरायचं नाही.

कायदा काय म्हणतो, असं कुणी विचारेल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आहे, वाजवी सोयीची कल्पना आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण प्रसिद्ध करावं असंही म्हटलं आहे. आमच्या कारखान्याच्या भिंतीवर ते धोरण चौकटीत लावलेलं होतं. मी ‘नंतर बोलू’ म्हणालो तेव्हा ते माझ्या पाठीमागेच होतं. कायद्याने दुभाष्याची खुर्ची खोलीत आणता येते. पाच सेकंद अध्यक्षालाच मोजावे लागतात.

आता प्रश्नोत्तरं. ज्यांना विचारायचं आहे त्यांनी हात वर करावा आणि आधी नाव सांगावं. माझ्या डावीकडच्या दुभाषींचे हात अजून हलताहेत, तोवर मीही थांबतो. हात खाली आले की मी पाचपर्यंत मोजणार आहे. पहिला प्रश्न उजवीकडच्या त्या दोन रांगांमधून घ्यायला मला आवडेल.